दहा बरण्यांच्या शंभर करताना लोणचं का बिघडतं?

*माझ्या सासूबाई कैरीचं लोणचं घालतात. अर्ध्या किलोच्या दहा बरण्या एका वेळेला व्हायच्या, गल्लीत आणि नात्यात संपून जायच्या. कधी कुणाची तक्रार नव्हती. यंदा लातूरच्या एका दुकानदाराने शंभर बरण्या मागितल्या. आम्ही सगळं दहापट घेतलं, दोघी जावा आणि शेजारच्या दोघी मिळून एकाच दिवशी मोठ्या भगुण्यात कालवलं आणि दुसऱ्या दिवशी बरण्या भरल्या. आता दुकानदार म्हणतो, काही बरण्या कडसर लागतात, काही खारट, आणि दहा-बारा बरण्यांत वर तेलच नाही, पांढरा थर आलाय. मसाला तोच, हात तोच. मशीन घ्यावं का, की एवढी ऑर्डर घेऊच नये?*
*— एक भगिनी, ता. औसा, जि. लातूर*

ताई, नमस्कार.

मशीन घेऊ नका. ऑर्डर घ्या, पण एका भगुण्यातून शंभर बरण्या काढण्याचा नाद सोडा. वजनाचा काटा, तेलात बुडवायचा थर्मामीटर आणि एक वही, एवढ्यावर तुमचं काम भागेल. आधी बिघडलं कुठे ते बघू, कारण तिन्ही तक्रारींची मुळं वेगवेगळ्या ठिकाणी आहेत.

कडसरपणाचा संशय माझ्या मते तेलावर जातो. दहा बरण्यांना तुम्हाला साधारण ९०० ग्रॅम तेल लागत असेल, शंभर बरण्यांना ९ किलो. घरात ठरलेलं असतं की तेल कडकडीत तापवायचं, उतरवायचं, पाऊण तासाने मसाला घालायचा. पाऊण तास हे माप ९०० ग्रॅमला बरोबर आहे. पण तेल दहापट झालं म्हणून भांड्याचं तोंड दहापट होत नाही. तेल निवतं ते वरून आणि बाजूने, आणि साठा वाढतो त्या मानाने ही उघडी बाजू फार कमी वाढते. त्याच घाटाच्या भांड्यात दहापट तेलाला निवायला दुपटीहून जास्त वेळ लागतो. म्हणजे ज्या वेळी छोट्या कढईतलं तेल ६० अंशांच्या आसपास आलेलं असतं, त्याच वेळी मोठ्या भगुण्यातलं तेल शंभराच्या घरात असू शकतं. खोल भगुणं असेल तर आणखी गरम.

अशा तेलात मेथी पडली की गॅस बंद असला तरी ती तळली जातच राहते. बदामी रंगावर थांबायला हवी ती तपकिरी होते, आणि मेथीचा हवासा कडवटपणा तिथून पुढे नुसता कडू होतो. बांधणीच्या हिंगात पीठ मिसळलेलं असतं, ते करपतं. मोहरीच्या डाळीचं उलटं होतं. मोहरीचा ठसका तयार नसतो. भरडलेल्या मोहरीला ओल लागली की तिच्यातलं एक पाचक द्रव्य तो तयार करतं, आणि फार गरम तेल पडलं की ते द्रव्यच मरतं. म्हणून अशा बरण्या एकीकडे कडू आणि दुसरीकडे बेचव लागतात. खाणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, तो फक्त ‘मागच्यासारखं नाही’ म्हणतो. राहिलेल्या बरण्यांपैकी एखादी उघडून मेथीचा दाणा बघा. दाताखाली जळका लागला आणि रंगाने कॉफीसारखा असला, तर तेलच चुकलं असं धरा.

उपाय एकच. तेलाच्या बाबतीत घड्याळ बघायचं सोडून द्या आणि अंश बघा. दोनशे अंशांपर्यंत मोजणारा, स्टीलच्या लांब दांडीचा थर्मामीटर घ्या. ताप मोजायचा काचेचा चुकूनही नको. हिंग घालायचा तो तेल ११० च्या आसपास आल्यावर. बाकीचा मसाला ६० च्या खाली. कालवायला घेताना तेल हाताला कोमटही लागता कामा नये. मेथी तेलात टाकूच नका. ती वेगळी, थोड्या तेलावर मंद आचेला भाजून, भरडून मसाल्यात मिसळा, म्हणजे तेलाच्या उष्णतेशी तिचा संबंधच उरत नाही. हे आकडे सुरुवात करायला देते आहे. तुमचे खरे आकडे सासूबाईंच्या हातात आहेत.

ते काढायचे कसे? त्यांना ‘किती वाट्या’ असं विचारू नका. त्या सांगतील ते खरंच असेल, पण त्यांची वाटी, त्यांची शीग आणि त्यांची चिमूट तुमच्या जावेच्या हाताला नाही. पुढच्या वेळी त्या घरचं छोटं लोणचं घालायला बसतील तेव्हा मिठाचं, तिखटाचं, मोहरीचं भांडं एकेक करून काट्यावर ठेवा. त्यांना हाताने घेऊ द्या, नेहमीसारखं. घेण्याआधीचा आकडा आणि घेतल्यानंतरचा आकडा लिहा. वजा केलं की त्यांनी घातलेलं वजन मिळालं. ‘आता घाल’ म्हणतील त्या क्षणी तेलात थर्मामीटर बुडवून अंश लिहा. हे दोनदा करा, कारण हात दर वेळी थोडा इकडेतिकडे होतोच, आणि दोन्हींची सरासरी धरा. सासूबाई चिडतील, चिडू द्या.

समजा, एक किलो कापलेल्या, कोय काढलेल्या फोडींना असा हिशेब निघाला: मीठ १७० ग्रॅम, तिखट ७०, मोहरीची डाळ ८०, मेथी २०, हळद १५, हिंग १२ आणि शेंगदाण्याचं तेल ३०० ग्रॅम. सगळं मिळून १,६६७ ग्रॅम झालं. म्हणजे पाच किलो लोणच्याला तीन किलो फोडी. यापुढे घरात वाटी हा शब्द लोणच्यापुरता बंद.

वाटीवर मी एवढी का घसरते, त्याचं कारण मीठ आहे. दोनशे मिलीच्या सपाट वाटीत बारीक मीठ आणि जाडं मीठ यांच्या वजनात चाळीस-पन्नास ग्रॅमचा फरक सहज पडतो. शंभर बरण्यांसाठी घरातलं मीठ पुरलं नसेल, कुणीतरी किराण्यातून वेगळं आणलं असेल. कैरीच्या गरात ८५ टक्क्यांहून जास्त पाणी असतं. एक किलो फोडींना १७० ग्रॅम मीठ घातलं तर सुटलेल्या आणि फोडीत राहिलेल्या त्या पाण्यात मिठाचं प्रमाण साधारण १६ टक्के होतं. त्याच वाटीने जाडं मीठ १३५ ग्रॅम पडलं तर ते साडेतेराच्या आसपास येतं. पहिल्या लोणच्यावर बुरशीला पाय रोवायला जड जातं, दुसऱ्यावर तेवढं जड जात नाही. प्रिझर्व्हेटिव्ह न घालता दुकानात ठेवायचं लोणचं असेल तर मी १५ टक्क्यांच्या खाली उतरणार नाही. चौघी जणी चार वाट्यांनी, एक सपाट आणि एक शिगोशीग, असं मीठ घालत असतील तर एकाच भगुण्यात दोन्ही लोणची तयार होतात.

त्यावर तुम्ही दुसऱ्याच दिवशी बरण्या भरल्यात. इथे खारटपणाची गोष्ट पूर्ण होते. मीठ फोडीच्या आत सावकाश जातं. पहिल्या दोन दिवसांत ते बहुतेक बाहेरच्या रसातच असतं, आणि रस भगुण्याच्या तळाशी. वरच्या फोडी कोरड्या, खालच्या मिठात बुडालेल्या. ज्या बरणीत तळाचा रस गेला ती खारट, जिच्यात वरच्या फोडी गेल्या ती अळणी. छोट्या घाण्यात हे कळत नाही, कारण घरी लोणचं वाटण्याआधी बहुधा एकाच बरणीत मुरतं आणि आतल्या आत मिठाचा समतोल होऊन जातो. तुम्ही समतोल व्हायच्या आधीच लोणचं शंभर ठिकाणी वाटून टाकलंत, आता एका बरणीतलं मीठ दुसरीत जाणार कसं? त्याच कारणाने पहिल्या दिवशी चव घेऊन ‘मीठ जास्त वाटतंय’ म्हणत काही दुरुस्त करायला जाऊ नका. आठ दिवसांनी ते लोणचं वेगळं लागणार आहे.

पांढऱ्या थराच्या बरण्या तुम्ही शेवटी भरलेल्या असतील, मी पैज लावायला तयार आहे. तेल वर तरंगतं. डाव वरून मारत गेलं की पहिल्या बरण्यांना भरपूर तेल जातं आणि शेवटच्यांच्या वाट्याला फोडी आणि गाळ. पांढरा थर आणणाऱ्या जिवांना हवा लागते. फोड तेलाच्या वर डोकावत असली की त्यांना तिथे जागा मिळते, आणि झाकणाच्या आत पाण्याचा एखादा थेंब राहिला असेल तर विचारूच नका. झाकणाच्या आतली चकती नीट वाळवली होती का, हे आठवून बघा. काच सगळे पुसतात, चकती कुणी बघत नाही.

आता शंभर बरण्या कशा करायच्या. चार घाणे करा, प्रत्येकी आठ किलो फोडींचे. आठ किलोच का? दोघी जणी अडकित्त्यावर तेवढ्या कैऱ्या सकाळी नऊ-दहाच्या आत फोडून मिठात घालू शकतात. मे महिन्यात आपल्याकडे दहानंतर पत्र्याखाली बसवत नाही, आणि फोडीलाही ते मानवत नाही. तीस-पस्तीस किलो एका दमात फोडायला घेतल्या तर सकाळची पहिली पाटी दुपारपर्यंत सुकून काळी पडते, शेवटची ताजी असते, आणि दोन्ही एकाच लोणच्यात जातात. शिवाय आठ किलोच्या घाण्याला २ किलो ४०० ग्रॅम तेल लागतं. ते घरच्या मोठ्या कढईत मावतं आणि डोळ्यांसमोर निवतं.

आठ किलोचा हिशेब असा: मीठ १,३६० ग्रॅम, तिखट ५६०, मोहरीची डाळ ६४०, मेथी १६०, हळद १२०, हिंग ९६ आणि तेल २,४०० ग्रॅम. एकूण १३ किलो ३३६ ग्रॅम. त्यातून अर्ध्या किलोच्या २६ बरण्या निघतात आणि जे तीनशे ग्रॅम उरतं ते भांड्याला, डावाला आणि चव बघायला जातं. चार घाण्यांच्या १०४ बरण्या झाल्या. शंभर दुकानाला, चार तुमच्याकडे राहणार, प्रत्येक घाण्यातली एक. त्यांचं काय करायचं ते पुढे सांगते.

घाणे चार, पण कोरडा मसाला मात्र एकच करा. वरवर उलटं वाटेल, पण जे तापतं आणि नासतं ते लहान ठेवायचं आणि जे कोरडं आहे ते एकदाच मोठं करायचं, असा हा प्रकार आहे. तिखट चार वेळा चार ठिकाणांहून आणलं तर चार रंग येतील. चारही घाण्यांचं तिखट, मोहरी, मेथी आणि हळद मिळून ५ किलो ९२० ग्रॅम होतात. आधी कमी वजनाची हळद आणि मेथी तेवढ्याच तिखटात कालवा, मग उरलेलं सगळं तिखट, आणि शेवटी मोहरी. हळद एकदम सहा किलोच्या ढिगावर ओतली तर कितीही ढवळा, पट्टे राहतातच. मग प्रत्येक घाण्याला १,४८० ग्रॅम तोलून घ्या, पण तोलण्याआधी दर वेळी डबा तळापासून हलवून घ्या. मोहरीची जाडी भरड आणि बारीक तिखट हळूहळू वेगवेगळे होत जातात. हिंग वेगळा ठेवा, तो तेलात जाणार आहे.

कैऱ्या अख्ख्या धुवा, पुसा, सुती कापडावर पूर्ण कोरड्या होऊ द्या आणि मगच फोडा. फोडल्यावर पाण्याचं नाव नाही. एक किलो फोडी तोलल्या की लगेच त्यावर १७० ग्रॅम मीठ, कालवायचं आणि ड्रममध्ये. आठ किलो जमेपर्यंत थांबून एकदम मीठ घालू नका. किलोकिलोने घातलं की वरची फोड आणि खालची फोड हा वादच संपतो. भांडं चिनी मातीचं किंवा अन्नासाठीच्या जाड प्लॅस्टिकचं घ्या. ॲल्युमिनियम, तांबं, लोखंड अजिबात नको, आंबट आणि मीठ मिळून ते खातात. स्टीलमध्ये कालवायला हरकत नाही, पण आठ-आठ दिवस साठवू नका.

दोन दिवस सकाळ-संध्याकाळ तळापासून वर हलवा. सुटलेला रस टाकायचा नाही, आपलं सगळं गणित तो धरून केलेलं आहे. तिसऱ्या दिवशी मसाला आणि निवलेलं तेल घाला, पण सगळं तेल नको. २,४०० पैकी ७८० ग्रॅम बाजूला काढून ठेवा. आठ दिवस ड्रममध्येच मुरू द्या, रोज एकदा कोरड्या उलथन्याने हलवा. मग बरणी काट्यावर ठेवायची, काटा शून्यावर आणायचा, ४७० ग्रॅम लोणचं भरायचं, दाबून आतली हवा काढायची, आणि वरून राखून ठेवलेल्यातलं ३० ग्रॅम तेल. सव्वीस बरण्यांना तीस-तीस म्हणजे बरोबर ७८०. साधारण साडेसात सेंटिमीटर रुंदीच्या बरणीत एवढ्या तेलाचा थर अर्ध्या सेंटिमीटरहून थोडा जास्त होतो. दर चार-पाच बरण्यांनंतर ड्रम पुन्हा तळापासून हलवा. दोन दिवस बरण्या तशाच झाकून ठेवा. फोडी खाली बसतात, मसाला तेल पितो, एखादी फोड उघडी पडली असेल तर अजून थोडं तेल घाला आणि मगच झाकण घट्ट करून लेबल लावा.

कैरीबद्दल मात्र काट्याने सगळं सुटत नाही. आपल्याकडे गावरान झाडं, प्रत्येकाची चव निराळी. एक तोंड वाकडं करायला लावेल इतकं आंबट, दुसरं बेताचं. चार शेतकऱ्यांच्या चार पाट्या आल्या आणि तुम्ही प्रत्येक पाटीचा एक घाणा केला तर चार लोणची होणार, मग बाकी मापं कितीही चोख असोत. म्हणून जेवढे घाणे एकत्र लावायचे त्यांचा सगळा माल एका ठिकाणी पसरा आणि प्रत्येक पाटीतला सारखा हिस्सा प्रत्येक घाण्यात जाईल असं वाटा. सगळ्या कैऱ्या एका दिवसात फोडून होणार नसतील तर लागोपाठ दोन दिवस, त्यापलीकडे नको. पाटीत राहून कैरी पाडाला लागते. पाटीतल्या चार-पाच कैऱ्या फोडून बघा. गर पांढरा-हिरवट आणि कडक हवा. कोयीजवळ पिवळी झाक असेल तर ती पाडाची; तिचा आंबटपणा उतरलेला असतो आणि फोड महिन्याभरात मऊ पडते. आणि वळवाच्या वाऱ्यात पडलेल्या कैऱ्या स्वस्तात येतात म्हणून घेऊ नका. मार लागलेला भाग वरून दिसत नाही, पण लोणच्यात पहिला तोच विरघळतो. घरच्या मेथांब्याला खुशाल वापरा.

तेलही मध्येच बदलायचं नाही. आपल्या भागात घरोघरी करडईचं तेल असतं आणि चवीला त्याला तोड नाही, हे मीच म्हणते. पण ते शेंगदाण्याच्या तेलापेक्षा लवकर खवट होतं, आणि दुकानदार तुमची बरणी उन्हाच्या काचेमागे ठेवणार नाही याची खात्री कोण देईल? घरच्या कपाटातल्या बरणीला जे चालतं ते तिथे चालेलच असं नाही. दुकानाचं लोणचं शेंगदाण्याच्या तेलात, चारही घाण्यांना एकाच वेळी घेतलेल्या डब्यांतून.

पहिल्या खेपेला सगळे चार घाणे एकदम लावू नका. पहिला घाणा करा, तेव्हाच त्याच कैरीचं सासूबाईंना जुन्या पद्धतीने छोटं लोणचं घालू द्या, आणि पंधरा दिवस थांबा. मग गल्लीतल्या नऊ जणींना बोलवा. प्रत्येकीसमोर तीन वाट्या ठेवा. दोन वाट्यांत एकच लोणचं, तिसरीत दुसरं. कुठल्या वाटीत काय ते तुम्ही लिहून ठेवा, त्यांना सांगू नका, आणि वाट्यांचा क्रम प्रत्येकीला वेगळा लावा. ‘आवडलं का?’ असं विचारायचंच नाही, शेजारीण नाही म्हणणार नाही. ‘यातलं वेगळं कुठलं?’ एवढंच विचारा. नुसत्या अंदाजानेही नवातल्या तिघी बरोबर सांगतील. सहा किंवा अधिक जणींनी बरोबर ओळखलं तर तुमचा घाणा खरोखरच वेगळा लागतो आहे, आणि मग तेलाचे अंश आणि वजनं पुन्हा तपासायची. चार-पाच जणींनीच ओळखलं तर ठोस फरक दिसला नाही, पुढचे तीन घाणे लावा. मोठ्या कंपन्यांत चव तपासायला हीच पद्धत वापरतात, तिला लागतं ते फक्त नऊ जणींचा अर्धा तास. हो, सगळ्यांच्या मध्ये पाणी आणि भाकरीचा तुकडा ठेवा, नाहीतर तिसऱ्या वाटीपर्यंत जिभेला काही कळत नाही.

पण यात दिवस जातात, हे दुकानदाराशी बोलताना लक्षात ठेवा. कैरी फोडल्यापासून लेबल लावेपर्यंत जवळजवळ दोन आठवडे लागतात, आणि पहिल्या खेपेला चाचणीचे पंधरा दिवस वेगळे. एवढे दिवस पाडात न येणारी कैरी मिळायची असेल तर पहिला घाणा एप्रिलमध्येच लावावा लागेल. ‘आठवड्यात द्या’ म्हणणाऱ्याला नाही म्हणा.

वहीत प्रत्येक घाण्याला एक पान. तारीख, कुणाच्या झाडाची कैरी, अख्ख्या कैरीचं वजन आणि फोडींचं वजन, मिठाचं पाकीट कुठलं, तिखट कुठून आणलं, हिंग घालताना तेल किती अंशांवर होतं, फोडायला कोण होतं, बरण्या कधी भरल्या, किती निघाल्या. अख्खं वजन आणि फोडींचं वजन जरूर लिहा. कोयीत किती जातं हे झाडावर असतं, आणि पुढच्या वर्षी किती कैरी विकत घ्यायची ते या एका आकड्यावरून ठरतं. त्या पानाचा नंबर बरणीच्या लेबलवर बॅच नंबर म्हणून घाला. विकायच्या खाद्यपदार्थावर तो तसाही द्यावाच लागतो. मग उद्या दुकानदाराचा फोन आला की ‘कुठली बरणी?’ याऐवजी ‘नंबर काय?’ विचारता येतं. तक्रार एकाच घाण्याची आहे की सगळ्यांची, हे पहिल्या मिनिटात कळलं की अर्धं काम झालं.

त्या राखलेल्या चार बरण्या थंड कपाटात लपवू नका. दुकानात असतात तशा उजेडात, फळीवर ठेवा. पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि मग दर महिन्याला त्यांच्याकडे बघा: तेलाची पातळी, रंग, वरचा थर. तीन महिन्यांनी एक उघडून वास घ्या आणि चव बघा. लेबलवर टिकण्याची मुदत किती घालायची ते या बरण्या सांगतील. दुसऱ्याच्या लेबलवर एक वर्ष आहे म्हणून तुम्ही एक वर्ष छापू नका.

आताच्या मालाचं म्हणाल तर पांढरा थर आलेल्या बरण्या परत मागवा आणि टाकून द्या. थर काढून, वर तेल ओतून पुन्हा विकायच्या नाहीत. कडू झालेलं लोणचं गूळ घालून झाकायला जाऊ नका आणि नव्या घाण्यात थोडं-थोडं मिसळून खपवूही नका, त्याने चांगल्या २६ बरण्या पण जातील. खारट आणि अळणी बरण्या मात्र, बुरशीचा मागमूस नसेल तर, एका ड्रममध्ये एकत्र करून आठ दिवस मुरवल्या की जुळून येतात. त्या घरात वापरा किंवा ओळखीत सांगून द्या.

एक शेवटचं, कारण दुकानदार आज ना उद्या विचारणारच आहे: ‘लसणाचं करता का? गाजराचं?’ वरची सगळी मापं कैरीच्या भरवशावर आहेत. कैरी इतकी आंबट असते की अन्नविषबाधेचा सगळ्यात वाईट जंतू तिच्यात वाढू शकत नाही. लसूण, गाजर, हिरवी मिरची यांना तो आंबटपणा नाही, आणि तेलाच्या थराखाली हवा नसते, नेमकं तेच त्या जंतूला हवं असतं. अशा लोणच्याचा सामू, म्हणजे आंबटपणा वाढेल तसा उतरणारा आकडा, ४.६ च्या खाली, खरं तर चारच्या खाली, राहील एवढा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लागतं आणि सामू मोजून बघावा लागतो. कैरीच्या कागदावर ‘कैरी’ खोडून ‘लसूण’ लिहायचं नाही. ते करायचं ठरलं तर आधी एका छोट्या बरणीचा नमुना अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत देऊन सामू मोजून घ्या, मग मला लिहा.